आजीने पाहिलेली १९५४ ची निवडणूक : मुलाखतीआधीची तयारी

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पराभव केला. त्याच मतदारसंघातल्या सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. १९५२ मध्ये मुंबईत हरल्यानंतर बाबासाहेबांनी लोकसभेसाठी लढवलेली ही दुसरी आणि शेवटची निवडणूक होती. चरित्रग्रंथांमध्ये ती थोडक्यात आटोपते. भंडारा जिल्ह्यातल्या अनेक घरांत मात्र त्या उन्हाळ्याची आठवण आजही कुणाकडे तरी आहे. आपल्याच घरातल्या त्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत कशी आखावी, हे सांगणाऱ्या पुस्तिकेची ही प्रस्तावना आहे.

आखणीची सुरुवात वयापासून करावी लागते. त्या वेळी मतदानाचे वय एकवीस होते. ते अठरा झाले १९८९ मध्ये. म्हणजे १९५४ साली ज्याने स्वतः मत दिले, त्याचा जन्म १९३३ च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा असला पाहिजे. असा मतदार घरात असेल तर मुलाखत पुढे ढकलण्यात अर्थ नाही. पण बहुतेक घरांत जी आजी किंवा जे आजोबा बोलू शकतील, ते तेव्हा दहा-पंधरा वर्षांचे होते. चौदा वर्षांच्या मुलीने मतपेटी पाहिलेली नसते. सभेला जाणाऱ्या बैलगाड्या, घरात रात्री चाललेले बोलणे, मतदानाच्या दिवशी आई कोणाबरोबर गेली आणि कधी परतली, हे तिने पाहिलेले असते. तिला मतदाराचे प्रश्न विचारले की ती मतदारासारखी उत्तरे देऊ लागते. आणि ती उत्तरे तिने पुढे पन्नास वर्षांत ऐकलेल्या भाषणांतून आलेली असतात. म्हणून पहिला निर्णय हा घ्यायचा, की माझ्या आजीला त्या वयात, त्या घरातून, नेमके काय दिसू शकत होते? प्रश्नांची यादी त्याच हद्दीत ठेवायची.

दुसरा टप्पा कागदांचा. मुलाखतीला बसण्याआधी मुलाखतकाराला घटनेचा सांगाडा पाठ हवा. तो आजीला ऐकवायचा नसतो. तिच्या बोलण्यातले धागे कुठे जुळतात आणि कुठे सुटतात, हे ऐकता ऐकता कळावे म्हणून तो लागतो. तीन गोष्टी स्पष्ट असल्या तरी पुष्कळ काम होते.

पहिली गोष्ट, भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एका मतदारसंघातून दोन खासदार निवडले जात. एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असे, दुसरी सर्वांसाठी खुली. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. राखीव जागेचा उमेदवारही सगळ्या जातींच्या मतदारांच्या मतांवर ठरे. ही पद्धत १९६१ मध्ये कायद्याने बंद झाली. आज चाळिशीत असलेल्या नातवाला ती माहीत नसते, त्यामुळे आजी ‘दोन चिठ्ठ्या’ म्हणाली की तो तिची चूक समजून पुढे जातो. खरे तर ती अगदी अचूक बोलत असते.

दुसरी गोष्ट, मत देण्याची रीत. १९५०च्या दशकातल्या पहिल्या निवडणुकांत मतपत्रिकेवर शिक्का मारत नसत. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार आडोशामागे जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. फेडरेशनचे चिन्ह हत्ती, काँग्रेसचे बैलजोडी, प्रजा समाजवाद्यांचे झोपडी. एकाच मतपत्रिकेवर सगळ्यांची चिन्हे छापून त्यावर शिक्का मारण्याची पद्धत नंतर रुळली आणि १९६२ पर्यंत ती सर्वत्र दिसू लागली.

तिसरी गोष्ट, ऋतू. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली, दुसरी १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. १९५४ ची पोटनिवडणूक मात्र भर उन्हाळ्यातली. भंडाऱ्यात तो काळ तेंदूपत्ता तोडण्याचा. पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरी बसून पानांचे मुडे बांधायचे. धानाची शेते तेव्हा कोरडी पडलेली असतात आणि तलावांचे पाणी खाली गेलेले असते.

यांच्याबरोबर आणखी दोन तारखा वहीच्या कडेला लिहून ठेवाव्यात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. भंडाऱ्यातल्या असंख्य कुटुंबांसाठी या तारखा इतक्या मोठ्या आहेत, की त्यांच्या आधीची आठवण त्यांच्याकडे ओढली जाते. ‘बाबासाहेब आले होते तेव्हा’ असे आजी म्हणते, तेव्हा ते आपल्या तालुक्यातल्या प्रचारसभेबद्दल आहे की नागपूरच्या दीक्षेबद्दल, हे बऱ्याचदा तिलाही वेगळे सांगता येत नाही.

कागद कुठे मिळतात? नागपूरच्या ‘तरुण भारत’ आणि ‘हितवाद’ या वृत्तपत्रांचे त्या उन्हाळ्याचे अंक, आंबेडकरी चळवळीचे ‘जनता’ साप्ताहिक आणि बाबासाहेबांची चरित्रे, यांपासून सुरुवात करता येते. एक भौगोलिक खबरदारी घ्यावी. १९५४ साली भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. नागपूर त्या राज्याची राजधानी होती. १९५६ च्या नोव्हेंबरात तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. त्यामुळे आजीचे माहेर आज गोंदिया जिल्ह्यात असले तरी तिच्या आठवणीतला जिल्हा भंडाराच असेल. गावाचे नाव, तेव्हाची तहसील आणि आजचा तालुका हे तिन्ही टिपून ठेवले, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला जागा सापडेल.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, आजी १९४० च्या सुमाराला जन्मली. माहेर साकोलीकडचे, घरात विड्या वळायचे काम. नात मुलाखत घेणार आहे.

पहिली भेट रेकॉर्डिंगशिवायची असावी. तीत नातीने काय करायचे आहे ते सांगायचे: आवाज टेपणार आहे, तो कोण ऐकणार आहे, लिहून काढल्यावर तुलाच आधी वाचून दाखवणार आहे, आणि जे नको म्हणशील ते काढून टाकणार आहे. एवढे सांगून झाल्यावर माहेरच्या घराचा नकाशा आजीकडून काढून घ्यावा. कागदावर जमत नसेल तर अंगणातल्या मातीत काठीने. विहीर कुठे, वस्ती कुठे, शाळा कुठे, पाटलाचा वाडा कोणत्या बाजूला, सभा व्हायची ती जागा कोणती. या नकाशाने दोन कामे होतात. नंतर बोलताना ‘तिकडे’ आणि ‘त्यांच्याकडे’ या शब्दांना पत्ता मिळतो. आणि आठवण जागेला बांधली गेली की ती तारखेपेक्षा टिकाऊ निघते.

याच भेटीत घरातल्या इतरांची व्यवस्था लावावी. काका-मामा बाजूला बसले की आजी दोन वाक्ये बोलते आणि तिसरे ते बोलतात. तिलाही मग वाटते, की हा शिकलेला आहे, याचेच खरे असेल. मुलाखतीला आजी आणि नात दोघीच असाव्यात. काकांना जे सांगायचे असेल ते वेगळे टेपावे आणि त्यावर त्यांचे नाव टाकावे.

दुसऱ्या भेटीत रेकॉर्डिंग. विदर्भात यासाठी हिवाळा निवडावा, कारण उन्हाळ्यात कूलर बंद करता येत नाही आणि चालू कूलरखाली म्हाताऱ्या माणसाचा आवाज बुडतो. मोबाइल चालतो, पण तो विमान मोडवर टाकावा आणि कॉलर माइक आजीच्या पदराला नव्हे तर गळ्याजवळ स्थिर कापडाला लावावा. पदर सरकला की प्रत्येक वाक्यावर खरखर येते. सोय असल्यास वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर टेपावे. एका तासाला मोनोत साधारण अर्धा जीबी जागा लागते. पहिली दोन मिनिटे टेपून लगेच हेडफोनवर ऐकावीत. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बोलायला लावू नये. थकलेले माणूस थांबत नाही, ते ठरीव गोष्ट सांगू लागते.

प्रश्नांचा क्रम हा या आखणीचा गाभा आहे. बाबासाहेबांच्या नावाने सुरुवात केली तर लगेच पुतळ्यासमोर बोलल्यासारखे बोलणे सुरू होते. ते बोलणे मनापासूनचे असते, पण त्यात त्या चौदा वर्षांच्या मुलीने पाहिलेले काही नसते. म्हणून सुरुवात कामापासून करावी. “आजी, तू चौदा-पंधरा वर्षांची होतीस तेव्हा उन्हाळ्यात सकाळी उठल्यावर काय काय करायचीस, ते सांग.” तेंदूपत्ता, विड्या, पाणी, लहान भावंडे असे येत जाईल. मग, “त्याच उन्हाळ्यात गावात नेहमीपेक्षा वेगळे काही झाले होते का?” इथे ती स्वतः निवडणुकीकडे आली तर उत्तम. आली नाही तर प्रश्न थोडा पुढे सरकवावा: “गावात सभा, मिरवणूक, गाडीवरून ओरडणारी माणसे असे काही आठवते?” उत्तर प्रश्नातच ठेवलेले “तू बाबासाहेबांच्या सभेला गेली होतीस ना?” हे वाक्य एकदा तोंडातून गेले की पुढचे सगळे टेपणे संशयास्पद होते. प्रेमळ आजी नातीला नाही म्हणत नाही.

नात्यातल्या मुलाखतीत एक अडचण नेहमी येते, ती परक्याच्या मुलाखतीत येत नाही. आजी म्हणते, “तुला तर माहीतच आहे.” नातीला खरेच माहीत असते, म्हणून ती मान हलवते, आणि टेपवर काहीच उरत नाही. यावर साधा उपाय आहे. आधीच सांगून ठेवायचे, “मला माहीत नाही असे समज. ऐकणारा मुंबईचा आहे, त्याने आपले गाव पाहिलेले नाही.” मान हलवण्याऐवजी पुढचा प्रश्न विचारायचा: किती जण होते, कुठे बसला होतात, कोण काय म्हणाले.

आता समजा आजी म्हणाली, “माझी माय गेली होती मत द्यायला, हत्तीवर शिक्का मारून आली.” हे वाक्य आखणीची परीक्षा पाहणारे आहे. हत्ती हे चिन्ह बरोबर आहे, पण शिक्का त्या निवडणुकीत नव्हता. तो नंतरच्या मतदानांतून आलेला आहे, आणि ती मतदाने आजीने स्वतः केलेली आहेत. इथे नातीने “शिक्का नव्हताच” असे सांगायचे नाही. विचारायचे, “ते तू पाहिलेस, की मायने घरी येऊन सांगितले? पेट्या कशा होत्या, मायने काही सांगितले होते?” कदाचित आजी म्हणेल, दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या, पेटीवर चित्र होते, मायला भीती वाटत होती की चिठ्ठी दुसऱ्याच पेटीत पडेल. हे आले की आपण १९५४ ला पोहोचलो. याच जागी ऋतूचा प्रश्न कामी येतो: “त्या दिवशी ऊन होते की थंडी?” ‘शेकोटीशी बसलो होतो’ असे उत्तर आले तर आठवण बहुधा १९५२ ची आहे. ‘दुपारी पाय भाजत होते’ असे आले तर ती १९५४ ची असण्याची शक्यता बळकट होते. एकट्या उन्हावरून काही सिद्ध होत नाही. पेट्या, दोन चिठ्ठ्या आणि ऊन हे तिन्ही एकत्र आले की खात्री वाढते.

भंडाऱ्यात या निवडणुकीबद्दल एक गोष्ट घरोघर सांगितली जाते: कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवले, की आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे आपला फायदा होईल; आणि बाबासाहेबांनी, संविधानाने दिलेले मत वाया घालवा असे मी सांगणार नाही, म्हणून ते नाकारले. आजीही ती सांगेल. टेपायची, पण लगेच विचारायचे, “हे तू कधी ऐकलेस? कोणाकडून?” सभेत ऐकले, बापाने त्याच रात्री सांगितले, की पुढे जयंतीच्या भाषणात ऐकले, यावर त्या वाक्याचे मोल ठरते. लिहून काढताना समासात तीन खुणा कराव्यात: पाहिलेले, त्याच काळात ऐकलेले, नंतर ऐकलेले. सगळी मुलाखत या तीन खुणांनी वाचली की आजीची स्वतःची साक्ष वेगळी उठून दिसते.

चुकलेली तारीख टाकून द्यायची नसते. इटलीचे मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरात कामगारांच्या मुलाखती घेतल्या. लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पण अनेक कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी ती चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. कामगारांना कपातीचा अपमान इतका लागला होता, की मृत्यूला त्यांनी त्या लढ्यात जागा दिली, असे त्यांनी दाखवले. भंडाऱ्यातली आजी १९५४ ची सभा आणि १९५६ ची दीक्षा एकत्र सांगते, तेव्हा हेच घडत असते. निवडणुकीतला पराभव तिच्या घरात पराभव म्हणून उरला नाही, तो दीक्षेच्या वाटेवरचा टप्पा झाला. कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून कागद आधी लागतात.

मराठीत या कामाची भक्कम परंपरा आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ते लिहिलेले आहे. ज्या बायांची नावे अधिकृत कागदांत नव्हती, त्या त्यात स्वतःच्या नावाने उभ्या आहेत. भंडाऱ्याच्या निवडणुकीतही स्त्रियांच्या नावाचा एक खास प्रश्न विचारण्यासारखा आहे. पहिल्या मतदारयाद्यांत देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. म्हणून आजीला विचारावे, तुझ्या मायचे नाव यादीत कसे लिहिले होते, ते कोणी सांगितले, आणि ती मताला एकटी गेली की घरच्या पुरुषांबरोबर.

या विषयाला एक काळजीची बाजूही आहे. निवडणुकीच्या आठवणीत गावातले वैर येते: कोणी पाणी बंद केले, कोणी कामावरून काढले, कोणी धमकावले. त्या माणसांची नातवंडे आज शेजारी राहतात. आजी नाव घेईल, पण ते छापायचे की नाही हे तिने ठरवायचे, तेही लिहून काढलेले ऐकल्यावर. बोलताना ती गप्प झाली तर प्रश्न टाकून ती शांतता भरू नये. रडू आले तर टेप थांबवावी का, हे तिलाच विचारावे. मत कोणाला दिले, हा प्रश्न मतदाराला थेट विचारू नये. गुप्त मताचा हक्क सत्तर वर्षांनीही संपत नाही. स्वतःहून सांगितले तर टेपावे.

मुलाखत झाली की खरे बसून करायचे काम सुरू होते. एक तासाचे बोलणे नीट लिहून काढायला पाच-सहा तास सहज लागतात, आणि आजी झाडीबोलीत बोलली असेल तर त्याहून जास्त. ती बोली पुस्तकी मराठीत बदलू नये. ‘ण’च्या जागी ‘न’ असेल तर ‘न’च लिहावा, आणि बाहेरच्या वाचकाला न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ तळटीपेत द्यावा. दर पाच मिनिटांनी वेळ नोंदवून विषयसूची करावी, म्हणजे कोणालाही ती जागा टेपवर काढता येईल. मूळ ध्वनिफीत कधीच कापू नये; वगळायचा भाग प्रतीतून वगळावा. तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक घराबाहेर. त्यानंतर तिसरी भेट घ्यायची: लिहिलेले आजीला मोठ्याने वाचून दाखवायचे. याच भेटीत बऱ्याचदा सगळ्यात महत्त्वाची भर पडते, कारण स्वतःचे बोलणे ऐकताना माणूस म्हणते, “नाही, ते तसे नव्हते,” आणि मग खरे सांगते. तीही टेपावी.

पुढच्या पानांवर प्रश्नांचा तक्ता, संमतीपत्राचा नमुना आणि घटनाक्रमाची पट्टी दिली आहे. वाचकांना एवढेच मागणे आहे: घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाचे जन्मवर्ष आज विचारा, त्यातून १९५४ मधले वय काढा, आणि ते सात वर्षांहून अधिक येत असेल तर पहिल्या भेटीचा दिवस ठरवून टाका. ज्या प्रती तयार होतील त्यांतली एक आजीच्या गावच्या वाचनालयात आणि एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्या. भंडाऱ्याच्या त्या निवडणुकीची आकडेवारी सरकारकडे आहे. त्या उन्हाळ्यात घराघरांत काय चालले होते याची नोंद आता आपल्यालाच करायची आहे.